शेतकरी वडील को-अ‍ॅप्लिकंट, आयटीआर नाही: साडेसात लाखांपर्यंतच्या एज्युकेशन लोनची फाईल कशी लावायची

मी तालुक्याच्या गावात ई-सेवा केंद्र चालवतो. जुलै-ऑगस्टमध्ये सीईटीचे कॅप राऊंड सुरू झाले की रोज कोणी ना कोणी वडील मुलाला घेऊन येतात, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा, आणि प्रश्न एकच, "बँकेत काय काय लागतं ते लिहून द्या." यादी लिहून देणं सोपं आहे, पण नुसत्या यादीने फाईल पुढे सरकत नाही. मुलाचे कागद बहुतेक वेळा ठीकच असतात, दहावी-बारावीच्या मार्कशीट, अलॉटमेंट लेटर सगळं ऑनलाइनच निघतं. अडतं ते वडिलांच्या कागदांवर. नावात फरक, उत्पन्नाचा आकडा जुळत नाही, नाहीतर कुठलं तरी जुनं कर्ज सिबिलला लटकलेलं. म्हणून इथे वडिलांच्या बाजूनेच जास्त लिहितोय.

केस अशी धरू. मुलाला कॅपमधून पुण्यात खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालंय, प्रवर्ग खुला, वडिलांची दोन एकर ऊस आणि दोन म्हशी, इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरलेलं नाही. लोन साडेसात लाखांच्या आत. ही मर्यादा मुद्दाम धरलीय, कारण सरकारी बँकांच्या मॉडेल योजनेत साडेसात लाखांपर्यंत केंद्र सरकारच्या क्रेडिट गॅरंटी फंडाचं संरक्षण असतं, त्यामुळे घर-जमीन तारण लागत नाही आणि बाहेरचा जामीनदारही लागत नाही. आई किंवा वडील को-अ‍ॅप्लिकंट म्हणून सही करतात तेवढं पुरतं. त्याच्या वर गेलं की साधारणपणे तारणाचा विषय येतो. मोठ्या नामांकित संस्थांसाठी बँकांच्या वेगळ्या योजना असतात, तो विषय इथे घेत नाही.

को-अ‍ॅप्लिकंट म्हणजे नेमकं काय ते आधी वडिलांना समजावा. बरेच जण समजतात की आपण फक्त साक्षीदार. तसं नाही. मुलगा आणि वडील दोघे मिळून कर्जदार, मुलाने हप्ता थकवला की बँक वडिलांना विचारणार आणि दोघांचंही सिबिल खराब होणार. हे लोन वडिलांच्या रिपोर्टमध्ये दिसत राहतं, म्हणजे उद्या ट्रॅक्टरसाठी कर्ज मागायला गेले तर तिथेही हे मोजलं जाईल. आणि दुसरी बाजूही लक्षात ठेवा, मॉडेल योजनेत स्पष्ट आहे की लोन तपासताना मुख्यतः मुलाचं भविष्यातलं कमाईचं पोटेन्शियल बघायचं, पालकांची ऐपत गरज वाटली तर बघायची. त्यामुळे "वडिलांचं उत्पन्न कमी आहे" एवढ्याच वाक्यावर कोणी परत पाठवत असेल तर शांतपणे ही गोष्ट मांडा.

आधी आकडा काढा, मग फॉर्म

लोक शाखेत जातात आणि म्हणतात, "साहेब, सात लाख पाहिजेत." का सात, तर शेजारच्याला सात मिळाले. अधिकाऱ्याला चारही वर्षांचा खर्च कागदावर लागतो, तो तुम्ही घेऊन गेलात तर अर्धं काम तिथेच झालं.

आपल्या केसचा हिशेब असा. कॉलेजची वर्षाची फी 1,30,000, त्यात ट्यूशन फी 1,15,000 आणि डेव्हलपमेंट फी 15,000. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून, म्हणून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात, तिच्यातून ट्यूशन फी अर्धी माफ धरू. म्हणजे घरातून द्यायची फी 57,500 अधिक 15,000, एकूण 72,500. हॉस्टेल-मेस 90,000, पुस्तकं-परीक्षा वगैरे 12,000. हे झाले वर्षाला 1,74,500. पहिल्या वर्षी लॅपटॉप 50,000, म्हणून पहिलं वर्ष 2,24,500. चार वर्षांचे मिळून 7,48,000.

आता यात एक मेख आहे. चार लाखांवरच्या लोनला देशातल्या शिक्षणासाठी 5 टक्के मार्जिन म्हणजे स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. पण योजनेत शिष्यवृत्तीची रक्कम मार्जिनमध्ये धरता येते. म्हणून तक्त्यात एकूण खर्च 9,78,000 दाखवा, त्यातून शिष्यवृत्तीचे चार वर्षांचे 2,30,000 वेगळ्या ओळीत वजा करा आणि खाली मागणी 7,48,000 लिहा. ही शिष्यवृत्तीची ओळ नसली तर अधिकारी 7,48,000 हाच एकूण खर्च समजतो, त्यावर 5 टक्के लावतो आणि मग 37,400 खिशातून भरायला सांगतो. शिष्यवृत्ती दाखवूनही काही शाखा मार्जिन मागतात, तर मागू द्या, मार्जिन एकदम भरायचं नसतं, दरवर्षी रक्कम सुटेल तसं त्या प्रमाणात भरायचं असतं.

हॉस्टेल कॉलेजचं नसून बाहेर रूम असेल तर तेही धरता येतं, पण त्याचा अंदाज रास्त ठेवा आणि शक्यतो कॉलेजच्या हॉस्टेलच्या दराच्या जवळ ठेवा. कॉलेजची डिपॉझिट किंवा कॉशन मनी असेल तर तीही बसते, मर्यादा एकूण ट्यूशन फीच्या 10 टक्के. डोनेशन किंवा कॉलेजची पावती नसलेला खर्च बसत नाही, त्याचा विचारच करू नका.

मुलाचे कागद, एका श्वासात

आधार, पॅन, दहावीची मार्कशीट (जन्मतारखेसाठी हीच बघतात), बारावीची मार्कशीट, सीईटी किंवा जेईईचं स्कोअर कार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजला रिपोर्ट केल्याची आणि फी भरल्याची पावती, बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, फोटो, बचत खात्याचं पासबुक. बारावीनंतर एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट. पॅन नसेल तर आजच अर्ज टाका, त्यासाठी अठरा वर्षं पूर्ण व्हायची वाट बघायची नसते.

यातला एकच कागद कॉलेजच्या खिडकीवर भांडून घ्यावा लागतो, तो म्हणजे फी स्ट्रक्चर लेटर. कॉलेजच्या लेटरहेडवर, चारही वर्षांची फी वर्षवार, ट्यूशन-डेव्हलपमेंट-हॉस्टेल-मेस-परीक्षा वेगवेगळं, आणि खाली कॉलेजच्या बँक खात्याचा नंबर आणि आयएफएससी. बहुतेक कॉलेजं फक्त पहिल्या वर्षाची पावती देतात आणि म्हणतात एवढं चालतं. नाही चालत. बँक पूर्ण कोर्सची रक्कम एकदाच मंजूर करते आणि मग दरवर्षी हप्त्याने सोडते, फक्त पहिल्या वर्षाचा कागद दिला की मंजुरीही तेवढीच होते आणि दुसऱ्या वर्षी सगळी फाईल नव्याने. फी वाढेल अशी ओळ कॉलेजने लेटरमध्ये टाकली असेल तर तीही बरी, पुढे वाढीव रक्कम मागताना कामाला येते.

वडिलांचे कागद, इथे वेळ द्या

आधार, पॅन, रेशन कार्ड, फोटो आणि बँक खात्याचं किमान सहा महिन्यांचं स्टेटमेंट, शक्य असेल तर बाराचं द्या, कारण ऊसबिल वर्षातून एक-दोनदाच येतं आणि सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ते नेमकं निसटतं. मुलगा आणि वडील यांचं नातं रेशन कार्ड आणि शाळेच्या दाखल्यावरून दिसतं, म्हणून दोन्हीवरची नावं सारखी हवीत.

आता नावांचं. आपल्याकडे गावात बाळू, शाळेत बाळासाहेब, सातबाऱ्यावर बाळकृष्ण आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंग भलतंच, हे घरोघरी. बँकेच्या सिस्टिममध्ये पॅन आणि आधार यांचं नाव आणि जन्मतारीख जुळावीच लागते, ते जुळत नसेल तर अ‍ॅफिडेव्हिट देऊन भागत नाही, दोन्हीपैकी चुकीचं जे असेल ते दुरुस्त करूनच घ्यावं लागतं. सातबारा, रेशन कार्ड, ऊसबिलावरची नावं मात्र वेगळी असली तर "ही सर्व नावं एकाच व्यक्तीची" असं स्टॅम्प पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट सहसा चालतं. त्यात प्रत्येक कागदावर नाव जसं आहे तसं लिहा, एकही स्पेलिंग सुधारू नका, नाहीतर अ‍ॅफिडेव्हिट आणि कागदच जुळत नाही, मग परत स्टॅम्प पेपर.

उत्पन्नासाठी आयटीआर नाही म्हटलं की लोक घाबरतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने रिटर्न नसणं साहजिक आहे, फक्त त्याऐवजी दुसरे पुरावे लावावे लागतात. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ अ, कारखान्याचं ऊसबिल मागच्या दोन-तीन हंगामांचं, डेअरीचं दूध बिल किंवा डेअरीचं खातेपुस्तक, आणि ज्या खात्यात हे पैसे येतात त्याचं स्टेटमेंट. सातबारा digitalsatbara.mahabhumi.gov.in वर 15 रुपयांत डाउनलोड होतो, तलाठ्याकडे चकरा मारायची गरज नाही. उत्पन्न दाखल्याला मात्र तलाठ्याचा अहवाल लागतो, आपले सरकारवर अर्ज टाकून पंधरा दिवस धरून चाला, म्हणून कॅप राऊंडच्या आधीच काढा. मार्च-एप्रिलमध्ये काढला तर तारखा नीट बघा, आर्थिक वर्ष बदललं की जुना दाखला बँक घेत नाही.

सातबाऱ्यावर जमीन आजोबांच्या नावावर असेल किंवा चुलत्यांसोबत सामायिक असेल तर घाबरू नका, या लोनला जमीन गहाण जात नाही. सातबारा फक्त वडील खरोखर शेती करतात आणि किती करतात याचा पुरावा आहे. सामायिक असेल तर वडिलांचा हिस्सा किती ते लिहून द्या. आणि कोणी तुम्हाला याच साडेसात लाखांच्या आतल्या लोनसाठी सातबाऱ्यावर बोजा चढवायला सांगत असेल तर तोंडी हो म्हणू नका, "कशाच्या आधारे ते लेखी द्या" असं म्हणा.

आता सगळ्यात जास्त फाईली जिथे थांबतात ती गोष्ट. उत्पन्न दाखल्यावर लिहिलंय 2,20,000. फॉर्मवर वडिलांनी मनाने भरलंय 4,00,000, का तर जास्त दाखवलं की लोन लवकर मिळेल. आणि ऊसबिल जोडलंय 2,40,000 चं. अधिकारी तीन आकडे बघतो आणि म्हणतो, नेमकं खरं कुठलं? ऊसबिल ही ढोबळ रक्कम असते, उत्पन्न दाखला निव्वळ धरून दिलेला असतो. दोन्ही खरे आहेत पण ते सांगणारा कागद फाईलमध्ये नसतो. म्हणून वडिलांच्या सहीचं एक पान लावा, असं:

ऊस, 80 टन, दर 3,000 प्रमाणे 2,40,000. बियाणं, खत, पाणीपट्टी, मजुरी यांचा खर्च 90,000. ऊसातून निव्वळ 1,50,000. दुधातून वैरण-पेंड वजा जाता महिन्याला 6,000, वर्षाला 72,000. एकूण निव्वळ 2,22,000, तहसीलदारांच्या दाखल्याप्रमाणे 2,20,000.

बस. फॉर्ममध्येही 2,20,000 च लिहा. हे एक पान लावलेल्या फाईलला प्रश्न कमी येतात हे मी वर्षानुवर्षं बघतोय, कारण अधिकाऱ्याला स्वतः गणित मांडावं लागत नाही आणि वर पाठवताना तेच वाक्य तो उतरवून घेतो.

वडील नोकरदार असतील तर काम सोपं: शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म 16, पगार जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट. दुकान-धंदा असेल तर दोन-तीन वर्षांचं आयटीआर, शॉप अ‍ॅक्ट किंवा उद्यमचं सर्टिफिकेट, जीएसटी असेल तर ते. वडील नसतील तर आई को-अ‍ॅप्लिकंट होते, कागदांचा साचा तोच. शेती वडिलांच्या नावे आणि डेअरीचं खातं आईच्या नावे अशी बरीच घरं असतात, तिथे दोघांचे कागद लावायला हरकत नाही.

सिबिल आधी तुम्ही बघा, बँकेने बघायच्या आत

क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. वडिलांचा पॅन आणि मोबाईल नंबर टाकून तो काढा आणि नुसता स्कोअर बघून फाईल बंद करू नका, खालचे अकाउंट एकेक वाचा.

तीन गोष्टी शोधायच्या. एक, वडील कोणाला जामीन राहिलेत का. मेव्हण्याच्या गाडीच्या कर्जाला सही केली होती हे लोक विसरतात, पण ते जामीनदार म्हणून रिपोर्टमध्ये दिसतं आणि मेव्हण्याने हप्ते थकवले असतील तर डागही वडिलांना. दोन, "सेटल्ड" किंवा "रिटन ऑफ" असं कुठे लिहिलंय का. वन टाईम सेटलमेंट करून पैसे भरले म्हणजे खातं स्वच्छ झालं असं वाटतं, पण रिपोर्टमध्ये ते सेटल्ड म्हणूनच राहतं आणि बँक त्याचा अर्थ "पूर्ण भरलं नाही" असा घेते. तीन, कर्जमाफी. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत माफ झालेलं पीक कर्ज रिपोर्टवर अजून थकीत दाखवत असेल, तर सोसायटीकडून आणि बँकेकडून नो ड्यूज घ्या आणि रिपोर्ट दुरुस्तीचा अर्ज त्या कर्ज देणाऱ्या बँकेकडे आणि सिबिलकडे दोन्हीकडे टाका. तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, अर्जात हे वाक्य लिहिलं की हालचाल होते.

दुरुस्तीला महिना जातो, म्हणून हे काम बारावीच्या परीक्षेनंतर लगेच, निकालाची वाट न बघता.

वडिलांचा रिपोर्ट खरंच खराब असेल आणि दुरुस्त होण्यासारखं नसेल तर मग आईला को-अ‍ॅप्लिकंट करता येतं का ते शाखेत विचारा. काही शाखा घेतात, काही म्हणतात दोघांचंही सिबिल बघणार. लपवू मात्र नका. पॅन टाकला की सगळं समोर येतंच.

अर्ज कुठून टाकायचा

केंद्र सरकारचं पोर्टल pmvidyalaxmi.co.in. मोबाईल आधारला लिंक असणं गरजेचं, तो नसेल तर आधी आधार केंद्र गाठा. पीएम विद्यालक्ष्मी योजनेचे खास फायदे, म्हणजे तारण आणि जामीनदार नाही आणि उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या लोनवर शिक्षण काळात व्याजात 3 टक्के सूट, हे सरकारने निवडलेल्या दर्जेदार संस्थांनाच लागू आहेत. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते पोर्टलवर आधी शोधा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला हे मिळत नाही. आणि ही 3 टक्के सूट दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत न घेणाऱ्यांसाठी आहे, म्हणून आपल्या केससारखं ईबीसी घेत असाल तर दोन्ही मिळतील असा हिशेब बांधू नका. ईबीसीचे चार वर्षांचे 2,30,000 हातचे आहेत, ते धरा. उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असणाऱ्यांना तांत्रिक-व्यावसायिक कोर्सला वेगळी व्याज सवलत योजना आहे, तिच्या अटी आणि तुमची शिष्यवृत्ती एकमेकांत अडकतात का हे शाखेत लेखी विचारून घ्या.

कॉलेज यादीत नसेल तर साधं मॉडेल एज्युकेशन लोन, बँकेच्या फॉर्मवर किंवा jansamarth.in वरून. कागद तेच. शाखा निवडताना वडिलांचं खातं जिथे आहे, जिथे ऊसबिल जमा होतं, तीच घ्या. पुण्यातल्या कॉलेजजवळची शाखा सोयीची वाटते, पण तिथल्या अधिकाऱ्याला तुमच्या गावचा सातबारा आणि डेअरी यातलं काही ओळखीचं नसतं आणि घराच्या पत्त्याची तपासणीही लांबते.

पोर्टलवर अर्ज टाकला तरी दोन-तीन दिवसांनी छापील प्रत आणि सर्व कागदांचा एक सेट घेऊन शाखेत जाच. सोबत हे पत्र:

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> (बँकेचं नाव व शाखा)
>
> विषय: शैक्षणिक कर्ज अर्ज क्र. ____ बाबत
>
> महोदय,
> माझा मुलगा ____ यास सन ____ साठी कॅप फेरीतून ____ महाविद्यालयात अभियांत्रिकी पदवीच्या प्रथम वर्षास प्रवेश मिळाला आहे. चार वर्षांचा एकूण खर्च रु. 9,78,000 असून शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची अपेक्षित रक्कम रु. 2,30,000 वजा जाता रु. 7,48,000 इतक्या शैक्षणिक कर्जाची विनंती करीत आहोत. मी सहअर्जदार आहे. माझे उत्पन्न शेती व दुग्धव्यवसायातून असून आयकर विवरणपत्र भरत नाही, उत्पन्नाचा तपशील सोबतच्या पानावर दिला आहे.
> प्रथम वर्षाची फी भरण्याची अंतिम तारीख ____ आहे. आणखी कोणतीही कागदपत्रे हवी असल्यास एकत्रित यादी लेखी द्यावी, ही विनंती.
>
> विद्यार्थ्याची सही          सहअर्जदाराची सही

शेवटची ओळ काढू नका. "आज हा कागद आणा, उद्या तो" हा प्रकार त्या ओळीने बराच कमी होतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. योजनेप्रमाणे अर्जावर निर्णय 15 दिवस ते महिनाभरात व्हायला हवा आणि नाकारायचं असेल तर ते वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीने आणि कारण देऊन. शिक्का नसेल तर हे दिवस मोजायचे कुठून? उत्तरच येत नसेल तर बँकेच्या झोनल ऑफिसला लेखी तक्रार, तिथून 30 दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर. तिथे "लोन द्याच" असा आदेश मिळत नाही, पण उत्तर न देणं आणि कारण न सांगणं याची दखल घेतली जाते.

फीची तारीख मात्र बँकेसाठी थांबत नाही. पहिला हप्ता उसनवार करून भरावा लागला तर रोख देऊ नका, खात्यातून भरा आणि पावती ठेवा, बरेचदा बँक ती रक्कम नंतर परत देते. पण किती जुनी पावती चालेल ते शाखेत आधी विचारा.

मंजुरीपत्र आलं की सही करायच्या आधी

रक्कम वर्षवार दिलीय का, मार्जिन किती लावलंय, व्याजदर कुठल्या दराशी जोडलाय, हप्ता कधी सुरू, विमा जबरदस्तीने मोठा तर नाही ना गळ्यात मारला, एवढं बघा. हप्ता सहसा कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो आणि फेडायला 15 वर्षांपर्यंत मुदत असते. देशातल्या शिक्षणासाठी प्रोसेसिंग फी सरकारी बँकांमध्ये साधारणपणे नसते, मागितली तर पावती आणि नियम विचारा.

शिक्षण काळात व्याज सरळव्याजाने लागतं, पण ते भरलं नाही तर हप्ता सुरू होताना मुद्दलात मिसळतं. आपल्या केसमध्ये दर 9.5 टक्के धरला आणि दरवर्षीची रक्कम वर्षाच्या सुरुवातीला सुटली असं मानलं तर पाच वर्षांत साधारण 2,56,000 व्याज साठतं. म्हणजे 7,48,000 चे दहा लाखांच्या वर झाले. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता 13,000 च्या आसपास. तेच व्याज आधीपासून भरत गेलं तर हप्ता 9,700 च्या आसपास येतो. पहिल्या वर्षी व्याज महिन्याला 1,780 रुपयांच्या जवळपास असतं, दुधाच्या पैशातून तेवढं निघतं का ते घरात बसून ठरवा. काही बँका शिक्षण काळात व्याज भरणाऱ्यांना दरात 1 टक्का सूट देतात, ती मंजुरीपत्रात लिहून आलीय का तेही बघा.

मुलगा बारावीनंतर लगेच गेला असेल आणि अजून अठरा पूर्ण नसेल तर करारावर सही वडीलच करतात आणि मुलगा अठरा पूर्ण झाला की त्याने बँकेत जाऊन मान्यतापत्र द्यायचं असतं. हे बहुतेक सगळे विसरतात, मग दुसऱ्या वर्षाची रक्कम नेमकी फी भरायच्या आठवड्यात अडकते आणि मुलाला पुण्याहून रात्रीच्या एसटीने यावं लागतं. वाढदिवसाच्या तारखेला मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून टाका.

दरवर्षी पुढची रक्कम सोडवायला मागच्या वर्षाची मार्कशीट आणि कॉलेजचं नवीन फी डिमांड लेटर लागतं, पैसे थेट कॉलेजच्या खात्यात जातात. बॅकलॉग असला म्हणून रक्कम आपोआप बंद होत नाही, पण वर्ष वाया गेलं तर बँकेला स्वतः कळवा, कारण मुदतवाढ मागितली तरच मिळते, न सांगता राहिलात तर मूळ तारखेला हप्ता सुरू होतो. ईबीसीचा महाडीबीटीवरचा अर्जही दरवर्षी रिन्यू करावा लागतो, तो चुकला तर त्या वर्षीची अर्धी ट्यूशन फी म्हणजे 57,500 कुठून आणायची हा प्रश्न उभा राहतो, कारण मंजूर लोनमध्ये ती धरलेलीच नाही.